मूळ तारीख आणि सुधारित तारीख: पुरवठादाराचे गुणपत्रक नेमके कुठे बिघडते

दर तिमाहीच्या शेवटी पुरवठादारांची गुणपत्रके माझ्यासमोर येतात आणि दर वेळी एकच चूक नव्या रंगात रंगवलेली असते. ज्या पुरवठादाराच्या मालासाठी जुळणी विभागाने दोनदा काम थांबवले, त्याच्या नावापुढे हिरव्या चौकटीत ९० च्या पुढचा आकडा असतो. ज्याने आपल्याच सांगण्यावरून माल उशिरा पाठवला, तो मात्र लाल चौकटीत बसलेला असतो. एक्सेलचे सूत्र दोन्हीकडे बरोबर असते. चुकलेली असते ती तारीख, कारण उशीर कोणत्या तारखेपासून मोजायचा हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

खरेदी आदेश, जीआरएन, रिजेक्शन नोट, डेबिट नोट या गोष्टी वाचकाला रोजच्या आहेत असे मी धरून चालतो. नाकारलेला माल आणि दरातील फरक हे दोन विषय शेवटी थोडक्यात घेतले आहेत. त्यांत गोंधळ होतो, पण तो लवकर सुटतो.

एक आदेश घेऊन बघू. ॲल्युमिनियमचे १००० ब्रॅकेट, दोन टप्प्यांत: ५ मे २०२५ रोजी ५०० आणि १९ मे रोजी ५००. माल आला तो असा: ५ मे रोजी ३००, ९ मे रोजी २००, २४ मे रोजी ३५० आणि २७ मे रोजी १५०. दरम्यान १७ मे रोजी पुरवठादाराचा फोन आला, "साहेब, फर्नेस दुरुस्तीला काढली आहे, आठवडाभर पुढे घ्या." खरेदी विभागातील मुलाने दुसऱ्या टप्प्याची तारीख संगणकात १९ वरून २६ केली. त्यात त्याचे काही चुकले नाही, कारण नियोजन विभागाला माल खरोखर कधी येणार हे कळायलाच हवे होते.

आता सुधारित तारखेने मोजा. दुसऱ्या टप्प्यातील ३५० नग दोन दिवस आधी आले आणि १५० नग एक दिवस उशिरा. पहिल्या टप्प्यातील ३०० वेळेवर होते आणि २०० नगांना चार दिवस उशीर झाला. म्हणजे १००० पैकी ६५० नग वेळेवर, ६५ टक्के. मूळ तारखेने मोजले तर तेच ३५० नग पाच दिवस उशिरा आले आणि १५० नग आठ दिवस. वेळेवर आलेला माल फक्त ३००, म्हणजे ३० टक्के. नगांच्या प्रमाणात सरासरी उशीर काढला तर मूळ तारखेने तो ३.७५ दिवस येतो आणि सुधारित तारखेने ०.९५ दिवस. आणि सूत्र लिहिणाऱ्याने लवकर आलेल्या मालाचे दिवस उणे धरून बेरजेत घातले, तर हाच उशीर ०.२५ दिवसावर येऊन ठेपतो. लवकर आलेला माल उशिराच्या मालाची भरपाई करू शकत नाही. तो गोदामात जागा अडवतो आणि थांबलेली जुळणी काही सुरू होत नाही. म्हणून उशिराचे सूत्र शून्याखाली जाऊ देऊ नये, हा माझा आग्रह आहे आणि त्यावर मी तडजोड करत नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग सरळ मूळ तारीखच धरावी. इथेच दुसऱ्या टोकाची चूक होते. समजा, आपल्या ग्राहकाने मे महिन्याची मागणी कमी केली, आपण दुसऱ्या एका पुरवठादाराला फोन करून १२ मेचा माल २८ मे रोजी पाठवायला सांगितले आणि त्याने तो २७ मे रोजी पोहोचवला. मूळ तारखेने त्याच्या नावावर १५ दिवसांचा उशीर चढतो, आणि तो माणूस पुढच्या बैठकीत आपला ईमेल छापून घेऊन येतो. त्याचे म्हणणे रास्तच असते.

म्हणजे दोन तारखांचे काम वेगवेगळे आहे. सुधारित तारीख ही नियोजनाची तारीख आहे: माल कधी येईल हे तिच्यावरून कळते. गुणपत्रकाची तारीख ही वचनाची तारीख आहे: पुरवठादाराने कधी द्यायचे कबूल केले होते आणि ती कबुली कोणी मोडली हे तिच्यावरून कळते. तारीख पुरवठादारामुळे बदलली तर नियोजनाची तारीख हलते आणि वचनाची तारीख जागेवर राहते. तारीख आपल्यामुळे बदलली तर दोन्ही हलतात. संपूर्ण भेद एवढाच आहे, पण तो पाळायचा तर बदलाच्या क्षणीच कारण नोंदवावे लागते. तीन महिन्यांनी १७ मेचा फोन कोणाचा होता हे कोणालाही आठवत नाही.

सॅप वापरणाऱ्यांकडे ही सोय आधीपासून असते आणि तरी ती धूळ खात पडते. टप्प्यांच्या `EKET` या तक्त्यात `EINDT` ही देय तारीख आणि `SLFDT` ही सांख्यिकी तारीख असे दोन रकाने शेजारी असतात. पुरवठादार मूल्यमापनासाठी दुसरा रकाना ठेवलेला आहे. अहवाल काढणारे बहुतेक जण `EINDT` उचलतात, कारण पडद्यावर ती आधी दिसते. `SLFDT` कोणी बदलावी याचा लेखी नियम मात्र हवा, नाहीतर फोन आला की खरेदीदार दोन्ही तारखा एकदमच पुढे ढकलतो आणि सगळे पुन्हा हिरवे होते. तसा संशय आला तर `CDHDR` आणि `CDPOS` मधील बदलांच्या नोंदी तपासाव्यात. कोणी, कधी, काय बदलले ते तिथे सापडते. ज्या कारखान्यात एक्सेलवरच काम चालते, तिथे ‘मूळ तारीख’, ‘सुधारित तारीख’ आणि ‘बदल कोणामुळे’ असे तीन रकाने पुरतात, आणि पहिला रकाना कुलूपबंद ठेवावा.

याच कामात आणखी एक खड्डा आहे, तो आकडे जोडताना लागतो. आवकीच्या नोंदी `EKBE` मध्ये आदेशातील ओळीला जोडलेल्या असतात, टप्प्याला नसतात. वरच्या उदाहरणात दोन टप्पे आणि चार आवकी आहेत. दोन्ही तक्ते ओळ क्रमांकावर नुसते जोडले की आठ ओळी होतात आणि आलेला माल १००० ऐवजी २००० दिसतो. तुमच्या गुणपत्रकात एकूण आवक खरेदीपेक्षा जास्त दिसत असेल, तर पहिला संशय इथे घ्यावा. उपाय असा की जुना टप्पा आधी भरायचा. प्रत्येक आवकीपूर्वीची आणि नंतरची एकत्रित बेरीज, तसेच प्रत्येक टप्प्यापूर्वीची आणि नंतरची एकत्रित बेरीज घ्यायची, आणि दोन्हींचा जेवढा भाग एकमेकांवर येतो तेवढेच नग त्या ओळीला द्यायचे. `C` आणि `D` मध्ये आवकीच्या, `F` आणि `G` मध्ये टप्प्याच्या बेरजा असतील तर सूत्र असे होते:

```
=MAX(0, MIN(D2,G2) - MAX(C2,F2))
```

आठपैकी चार ओळींत शून्य येते आणि उरलेल्या चारांची बेरीज बरोबर १००० होते. उशीर मोजताना या नगांनीच भार द्यावा. आवकींची साधी सरासरी घेतली तर १५० नगांच्या गाडीला ३५० नगांच्या गाडीइतकेच वजन मिळते.

आवकीची तारीख म्हणजे गेट एंट्रीची तारीख, हेही एकदा ठरवून टाकावे. २४ मे हा शनिवार होता. त्या दिवशी गाडी फाटकात आली, पण जीआरएन सोमवारी २६ तारखेला झाला. त्या तारखेने मोजले तर आपल्या स्टोअरचे दोन दिवस पुरवठादाराच्या माथी बसतात.

आता नाकारलेला माल. २४ मेच्या गाडीतील ४० नग परत गेले आणि २ जून रोजी बदली माल आला. नगांनी मोजले तर ४ टक्के, गाड्यांनी मोजले तर चारपैकी एक म्हणजे २५ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. मी नग धरतो, आणि छेद म्हणून तपासणीला आलेली आवक घेतो, मागवलेली संख्या नाही. रिजेक्शन ज्या महिन्यात सापडले त्या महिन्यात न टाकता, माल ज्या महिन्यात आला त्या महिन्याच्या नावावर टाकावे. यंत्रावर चढल्यावर सापडलेले दोष हमखास पुढच्या महिन्यात नोंदले जातात. बदली आलेल्या ४० नगांना मी उशिराच्या हिशेबात पुन्हा धरत नाही, कारण एकाच दोषासाठी दोनदा गुण कापले जातात. डेव्हिएशनवर घेतलेला माल मात्र वेगळ्या रकान्यात दाखवतो, नाहीतर तो निर्दोष मालात मिसळून जातो.

दराचा फरक सर्वांत सोपा दिसतो आणि सर्वांत जास्त अन्याय करतो. प्रमाण दर १२० रुपये, आदेशाचा दर १२६, स्वीकारलेले नग १०००, म्हणजे ६००० रुपयांचा फरक. पण त्यातील ४ रुपये ५० पैसे ॲल्युमिनियमच्या भाववाढीपोटी करारानुसार दिलेले होते. पुरवठादाराच्या खात्यात फक्त दीड रुपया नगामागे, म्हणजे १५०० रुपये, येतात. उरलेले ४५०० रुपये धातूच्या बाजाराचे आहेत आणि ते गुणपत्रकात घालू नयेत. दर शंभर नगांमागे लिहिलेला असेल तर तो आधी एका नगावर आणावा. हे विसरल्यामुळे एका लहान पुरवठादाराला शंभरपट महाग ठरवलेला तक्ता मी स्वतः पाहिला आहे.

या तिन्हींना टक्केवारीचे भार लावून एकच गुण काढायची पद्धत मला पसंत नाही. ४०, ४०, २० असे भार कुठून आले हे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही, आणि स्वस्त दराने उशिराची भरपाई झाल्यासारखे दिसते. वाहन उद्योगाचे आयएटीएफ १६९४९ हे मानकही पुरवठादाराच्या मालाची गुणवत्ता, वेळापत्रक, ग्राहकाला झालेला खोळंबा आणि जादा वाहतूक खर्चाचे प्रसंग यांवर लक्ष ठेवायला सांगते, पण त्यांचा एकच गुण करायला सांगत नाही. मी तीन आकडे शेजारी शेजारी ठेवतो, आणि उशिराच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत सुधारित तारखेचा आकडाही देतो. आमच्या ब्रॅकेटच्या पुरवठादारापुढे ३० आणि खाली ६५ असे छापले होते. त्याने ३० वर वाद घातला नाही, फर्नेसची पुढची दुरुस्ती कधी आहे ते मात्र त्याच बैठकीत सांगून टाकले. ज्याच्याकडून तिमाहीत तीनच टप्पे आले, त्याची टक्केवारी मी छापत नाही. त्याच्या नावापुढे तीन तारखा आणि तीन नगसंख्या लिहितो.