रेझ्युमे पार्सिंग : मराठी नावे आणि तारखा

उमेदवाराने पाठवलेल्या बायोडेटातून नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकऱ्या आणि मोबाइल नंबर वेगळे काढून ते तक्त्याच्या ठरलेल्या रकान्यांत भरणारी संगणक प्रणाली म्हणजे रेझ्युमे पार्सर. ऐरोली, रबाळे, महापे, घणसोली या ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भरती करणाऱ्यांकडे येणारे बायोडेटा बहुधा इंग्रजीत असतात. पण त्यांतली माहिती मराठी कागदांवरून उतरवलेली असते. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होणारे, आधार कार्डावर दोन्ही लिप्या. एका लिपीतून दुसरीत आणि एका रिवाजातून दुसऱ्यात जाताना माहिती कुठे निसटते, हे या नोंदीत एका रचलेल्या उदाहरणाने दाखवले आहे. उमेदवाराचे नाव ज्ञानेश्वर विष्णू दाते, जन्म १ जून १९९८, राहणार ठाणे असे धरू.

नावाचा क्रम आणि आडनाव

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव अशी रीत आहे. ‘नाव कागदपत्रांप्रमाणेच लिहा’ असे सगळीकडे सांगितले जात असल्याने उमेदवार बायोडेटाच्या पहिल्या ओळीत `Date Dnyaneshwar Vishnu` असे लिहितो. पार्सरचा नियम साधारणपणे असा असतो की वरच्या ओळीतले दोन-तीन शब्द म्हणजे नाव, त्यातला पहिला शब्द स्वतःचे नाव आणि शेवटचा आडनाव. त्यानुसार वडिलांचे नाव आडनाव होऊन बसते आणि तक्त्यात ‘श्री. विष्णू’ तयार होतात.

इथे आणखी एक अडचण आहे. दाते हे आडनाव रोमन लिपीत `Date` असेच लिहितात आणि तारखेच्या रकान्याचे इंग्रजी नावही तेच आहे. शब्दांच्या यादीवर चालणारा पार्सर ओळीच्या सुरुवातीला `Date` दिसला की ते लेबल समजतो, बाजूला काढतो आणि पुढे तारीख शोधू लागतो. मग नाव उरते ‘ज्ञानेश्वर विष्णू’. आपल्याकडच्या बायोडेटात शेवटी सही करताना ‘ठिकाण : ठाणे, दिनांक :’ अशी जोडी इंग्रजीत लिहिण्याची पद्धत आहे, त्यामुळे एकाच कागदावर हा शब्द दोनदा येतो, एकदा माणसाचा म्हणून आणि एकदा तारखेचा म्हणून. मोरे आडनावाची गतही अशीच होते, कारण `More` हा इंग्रजीतला अगदी रोजचा शब्द आहे. असे शब्द गाळण्याच्या यादीत असतील तर आडनावाचा रकाना रिकामा राहतो.

विवाहित स्त्रियांच्या बायोडेटात अडचण वाढते. पदवीवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, आधारवर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव, म्हणजे तीनपैकी दोन शब्द बदललेले. त्यात २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शासकीय कागदपत्रांत आईचे नावही घालण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर जन्मलेली मुले उद्या अर्ज करतील तेव्हा चार शब्दांची नावे येतील आणि ‘पहिला, मधला, शेवटचा’ ही तीन खणांची मांडणी त्यांना पुरणार नाही.

स्पेलिंग

‘ज्ञ’चा उच्चार मराठी माणूस ‘द्न्य’सारखा करतो, म्हणून तो `Dnyaneshwar` लिहितो. हिंदी भाषक ‘ग्य’ म्हणतो, त्याच्या हातून `Gyaneshwar` उमटते. आयएसओ १५९१९ या २००१ च्या लिप्यंतर-मानकाप्रमाणे तेच नाव `jñāneśvara` होते. तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण उमेदवाराने दोन वर्षांपूर्वी एका स्पेलिंगने अर्ज केला असेल आणि आज दुसऱ्याने, तर प्रणालीला ती दोन माणसे वाटतात.

उच्चारावरून नावे जुळवण्याचा जुना उपाय म्हणजे साउंडेक्स. १९१८ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट निघाले आणि तो इंग्रजी वळणाच्या नावांसाठी बेतलेला आहे. त्यात पहिले अक्षर जसेच्या तसे ठेवून पुढच्या व्यंजनांना आकडे देतात. त्यामुळे `Dnyaneshwar` चा संकेत `D552` येतो आणि `Gyaneshwar` चा `G526`. विदर्भात जाधव हे आडनाव `Jadhao` असेही लिहितात. त्याचा संकेत `J300`, तर `Jadhav` चा `J310`. वाघमारे `W` ने लिहिले की `V` ने, तेवढ्यानेही संकेत बदलतो. किती अक्षरे वेगळी आहेत हे मोजण्याची दुसरी पद्धतही पुरत नाही. `Mane` आणि `Rane` यांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि ती दोन वेगळी घराणी आहेत. `Dnyaneshwar` आणि `Gyaneshwar` यांत दोन बदल लागतात, तरी नाव एकच. म्हणून माझ्या मते स्पेलिंगच्या साम्यावरून ‘हा तोच उमेदवार’ असा निकाल कधीही देऊ नये. फार तर संशयित जोडी समोर ठेवावी आणि मोबाइल नंबर व जन्मतारीख पाहून माणसाने ठरवावे.

उलट्या दिशेचा प्रवास त्याहून अवघड आहे. रोमनमध्ये त-ट आणि द-ड यांचा भेद उरत नाही, ऱ्हस्व-दीर्घ ‘अ’चाही नाही. म्हणून `Date` हे देवनागरीत परत आणताना पहिल्या अक्षराचे दोन, स्वराचे दोन आणि ‘t’चे दोन पर्याय मिळून आठ रूपे होतात : दाते, दाटे, डाते, डाटे, दते, दटे, डते, डटे. त्यातले खरे कोणते हे माहीत असणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे नावाचा मालक. लिप्यंतराऐवजी अख्खा बायोडेटा भाषांतराच्या यंत्रातून काढला, तर आडनावाची ‘तारीख’ होण्याचा धोका आहे. म्हणून देवनागरी नाव रोमनवरून बनवू नये, ते उमेदवाराकडून वेगळे लिहून घ्यावे.

देवनागरी मजकूर

बायोडेटा मराठीत आला तरी वाट सोपी होत नाही. स्टेशनजवळच्या टायपिंगच्या दुकानात कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइलीत मराठी अक्षरे नसतातच. कागदावर ‘वि’ दिसत असले तरी फाइलीत `fo` ही रोमन अक्षरे असतात. युनिकोड फाइलीची पीडीएफ केली तरी मजकूर उपसताना काही वेळा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येऊन पडते आणि ‘विष्णू’ तुटतो. कऱ्हाडे या आडनावातला अर्धा ‘र’ दोन वेगवेगळ्या प्रकारांनी साठवता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एकमेकांना सापडत नाहीत.

सर्वांत बेमालूम चूक शब्द ओळखण्याच्या नेहमीच्या खुणेत आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या `re` मध्ये `\w` म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर. काना-मात्रा-वेलांट्या त्यात मोडत नाहीत :

```python
import re
re.findall(r"\w+", "दाते")   # ['द', 'त']
```

त्रुटीचा संदेश येत नाही, फक्त आडनावाचे दोन तुकडे होतात. अंकांचे वागणेही प्रोग्रामिंग भाषेप्रमाणे बदलते. पायथनमध्ये `\d` ला ‘१९९८’ हे अंक म्हणून कळतात, जावास्क्रिप्टमध्ये त्याच खुणेला फक्त `0` ते `9` कळतात. त्यामुळे एकच बायोडेटा दोन संकेतस्थळांवर चढवला, तर एकाकडे जन्मवर्ष पोहोचते आणि दुसऱ्याकडे नाही. ‘मे २०१९ ते आजतागायत’ या ओळीत तर पार्सर `Present` शोधत राहतो आणि चालू नोकरीला शेवटची तारीखच मिळत नाही.

तारखा

आपल्याकडे दिवस आधी लिहितात, अमेरिकेत महिना आधी. पायथनच्या `dateutil` या सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीचा मूळ कल महिना आधी धरण्याचा आहे :

```python
from dateutil.parser import parse
parse("01/06/1998")                 # 1998-01-06
parse("13/06/1998")                 # 1998-06-13
parse("01/06/1998", dayfirst=True)  # 1998-06-01
```

दुसऱ्या ओळीत १३ हा महिना असू शकत नाही, म्हणून लायब्ररी आपणहून अर्थ फिरवते. यामुळेच ही चूक लवकर लक्षात येत नाही. महिन्याच्या १३ तारखेपासून पुढचे सगळे बरोबर येते. पहिल्या १२ दिवसांपैकी दिवस आणि महिना सारखा असलेल्या १२ तारखा बचावतात, बाकी वर्षातल्या १३२ तारखा गुपचूप बदलतात.

ज्ञानेश्वरची पहिली नोकरी `01/06/2019` ते `31/05/2021` होती असे धरू. म्हणजे नेमकी दोन वर्षे. पार्सर सुरुवात ६ जानेवारी २०१९ वाचतो आणि शेवट बरोबर वाचतो, त्यामुळे अनुभव १४६ दिवसांनी वाढतो. पुढे पडताळणीत जुन्या कंपनीचे पत्र समोर येते आणि तारीख जुळत नाही. उमेदवाराने खरेच लिहिले होते, तरी ‘अनुभव फुगवून सांगितला’ हा ठपका त्याच्यावर येतो. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत जास्त सलते, कारण आपल्या तारखेचे काय झाले हे त्या मुलाला कळायला मार्गच नसतो.

दोन अंकी वर्षाचा प्रश्न वयाने मोठ्या उमेदवारांना भोवतो. पायथनचे `%y` हे `69` ते `99` ला १९६९ ते १९९९ समजते आणि `00` ते `68` ला २००० ते २०६८. म्हणून `68` साली जन्मलेला अनुभवी फोरमन २०६८ मध्ये जन्माला येतो.

हा गोंधळ ओळखायला महाराष्ट्रात एक सोपी खूण मिळते. पूर्वी जन्माची नोंद नसलेल्या मुलाच्या नावापुढे शाळेत १ जून ही तारीख घालून देत. त्यामुळे मोठ्या वयाच्या मराठी उमेदवारांच्या कोणत्याही मोठ्या यादीत १ जूनला जन्मलेले डोळ्यांत भरण्याइतके जास्त असतात. जमा झालेल्या जन्मतारखा दिवसवार मोजून पाहाव्यात. ती गर्दी १ जूनऐवजी ६ जानेवारीला दिसली, तर पार्सर महिना आधी वाचतो आहे हे पक्के समजावे. अशा वेळी जुन्या नोंदी सरसकट उलटवून चालत नाही, कारण महिना अक्षरांत लिहिणारे काही उमेदवार खरोखरच ६ जानेवारीचे असतात आणि १३ तारखेपासूनच्या नोंदी मुळातच बरोबर असतात. मूळ फाइल जपलेली असेल तरच तारीख नव्याने वाचता येते. म्हणून काढलेल्या प्रत्येक तारखेशेजारी उमेदवाराने लिहिलेली मूळ ओळ जशीच्या तशी साठवावी लागते.

उमेदवाराच्या हातात असलेला उपाय छोटा आहे. महिना अक्षरांत लिहिला की दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊ शकत नाही, आणि नाव लेबल लावून तोडून लिहिले की दातेंचे आडनाव तारखेच्या रकान्यात जाण्याची शक्यता बरीच कमी होते :

```
Given name: Dnyaneshwar
Father's name: Vishnu
Surname: Date
Date of birth: 01 June 1998
Name in Marathi: ज्ञानेश्वर विष्णू दाते
```

यातले रोमन स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तेच ठेवावे, मग ते कानाला थोडे वेगळे वाटले तरी.