लो-सोडियम मीठ : घेण्याआधी हे वाचा

आमच्याकडे आहारसल्ल्यासाठी येणाऱ्या बीपीच्या बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न एकच असतो : ‘साधं मीठ बंद करून लो-सोडियम मीठ सुरू करू का?’ पुष्कळांना ते चालतं, पण काहींना ते खरोखर धोक्याचं आहे.

या मिठात नेमकं काय असतं?

साध्या मिठाचा साधारण 40 टक्के भाग सोडियम असतो. लो-सोडियम मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. प्रमाण पाकिटागणिक बदलतं, म्हणून ते वाचूनच घ्या.

समजा, पाकिटावर 75 टक्के सोडियम क्लोराइड आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय. असं 5 ग्रॅम मीठ दिवसभरात खाल्लं, तर सोडियम सुमारे 1500 मिलिग्रॅम जातं. तेवढ्याच साध्या मिठातून 2000 मिलिग्रॅम गेलं असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची मर्यादाही तीच आहे. म्हणजे फायदा आहे. मात्र खारटपणा कमी लागतो म्हणून हात सैल सुटला आणि मीठ पावणेसात ग्रॅमवर गेलं, की सोडियम पुन्हा 2000 च्या घरात. शिवाय ब्रेड, लोणचं आणि पाकीटबंद पदार्थांतलं सोडियम यात धरलेलंच नाही. आमचा आग्रह असा, की कुठलंही मीठ असो, दिवसभराचं सकाळीच मोजून वेगळं काढा.

मग धोका कोणाला?

वरच्या उदाहरणात 5 ग्रॅम मिठातून सुमारे 650 मिलिग्रॅम पोटॅशियम जादा जातं. निरोगी मूत्रपिंडं ते सहज बाहेर टाकतात. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर ते रक्तात साठू शकतं. बीपीची काही औषधंही पोटॅशियम धरून ठेवतात : रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, आणि विशेषतः स्पायरोनोलॅक्टोन. क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी; टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही चालू असलेल्या, क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाने हे मीठ स्वतःहून सुरू करूच नये.

त्रास झाला तर कळेल ना?

इथेच फसगत होते. रक्तातलं पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 मिलिमोल प्रतिलिटर असावं. ते 6 च्या वर गेलं तरी अनेकांना काहीच जाणवत नाही. काहींना स्नायूंत अशक्तपणा येतो, छातीत धडधडतं, आणि काही वेळा थेट हृदयाचे ठोकेच बिघडतात. खात्री होते ती रक्ततपासणीनेच. धडधड किंवा चक्कर आली तर आमच्या फोनची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

पोटॅशियम वाढलेलं असेल तर आम्ही साधंच मीठ ठेवतो, फक्त कमी. जेवणात आंबट, लसूण, मिरी यांचा हात थोडा वाढवला की आळणी लागत नाही, आणि काही आठवड्यांत जीभ कमी मिठाला सरावते.

पहिल्या भेटीला येताना औषधांची चिठ्ठी, क्रिएटिनिन व पोटॅशियमचा अलीकडचा रिपोर्ट आणि घरातल्या मिठाचं पाकीट सोबत आणा.