दोघांना एकाच उन्हात उभं करताना

दूर दूर राहणाऱ्या जोडप्याच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी दोघांचे वेगवेगळे फोटो संगणकावर जोडून एका समुद्रकिनाऱ्याच्या फोटोत आणायचे, तर पहिली धास्ती उन्हाची असते. ती थोडी अनाठायी आहे. ओस्ट्रोव्हस्की, कॅव्हना आणि सिन्हा यांनी 2005 साली दाखवलं की चित्रातल्या एखाद्या वस्तूवर प्रकाश भलत्याच दिशेनं पडत असला, तरी माणसांच्या ते पटकन लक्षात येत नाही. पण पाय वाळूवर टेकलेले नाहीत किंवा दोघांच्या नजरा जुळत नाहीत, हे मात्र लगेच खटकतं. म्हणून आधी माणसं जमिनीवर नीट उभी करावीत, ऊन त्यानंतर.

त्यासाठी समुद्राची क्षितिजरेषा कामाला येते. सपाट किनाऱ्यावर फोटो काढला, तर ती रेषा कॅमेऱ्याच्या उंचीवरच दिसते. कॅमेरा दीड मीटरवर असेल, तर जवळच्या आणि लांबच्या प्रत्येक उभ्या माणसाला ती पायापासून दीड मीटरवर छेदते. समजा, तो 1.75 मीटर उंच आहे आणि ती 1.60. पार्श्वभूमीच्या फोटोत त्यांचे पाय जिथे येणार, तिथून क्षितिजापर्यंत 600 पिक्सेल आहेत. म्हणजे दीड मीटरला 600. मग तो 700 पिक्सेलांचा हवा आणि ती 640 ची. अंदाजानं लहानमोठं करत बसायची गरजच नाही. अर्थात दोघांचे फोटोही दीड मीटर उंचीवरूनच, कॅमेरा सरळ धरून आणि सारख्याच अंतरावरून, समजा चार मीटरवरून, काढलेले हवेत.

आता ऊन. पार्श्वभूमीत सूर्य अगदी डावीकडे, 30 अंशांवर आहे असं धरू. या उंचीवर सावली वस्तूच्या उंचीच्या 1.73 पट पडते. मीटरभराची काठी उभी करायची, तिची सावली पावणेदोन मीटरच्या आसपास आली आणि ती चित्रात उजवीकडे पडत असली की फोटो काढायचा. दोन शहरांत ती वेळ वेगळी येईल. एकाला सकाळी जमेल, दुसऱ्याला संध्याकाळी. त्यानं बिघडत नाही, कारण सूर्य कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला आणि किती उंचीवर आहे एवढंच चित्राला कळतं.

आता डावीकडे कोण उभं राहणार? दोघांमध्ये 40 सेंटिमीटर अंतर असेल, तर तेवढ्या अंतरात सावलीचा वरचा काठ 23 सेंटिमीटर खाली येतो. तो डावीकडे असला, तर त्याची सावली तिच्यावर 1.52 मीटरपर्यंत चढते, म्हणजे थेट चेहऱ्यावर. ती डावीकडे असली, तर सावली 1.37 वर, त्याच्या छातीशी थांबते. तेव्हा ती डावीकडे. पण ही छातीवरची सावली त्याच्या एकट्याच्या फोटोत येणार कुठून? संगणकावर रंगवता येते, पण कापडाच्या चुण्यांवरून सावलीची कड वळते कशी, हे रंगवणं जिकिरीचं असतं. त्यापेक्षा तिच्याच उंचीची एखादी व्यक्ती चित्रात त्याच्या डावीकडे येईल अशी फोटोपुरती उभी करावी. सावली आयती मिळते, शिवाय खांद्यावर टाकलेल्या हाताला खरा आधार मिळतो. आधार नसताना हवेत धरलेला हात ताठरतो, आणि कुणाकडे झुकल्याचा आव आणताना वजन आपल्याच पायांवर राहतं. ते चित्रात दिसतं.

एकमेकांकडे पाहायचं असेल, तर डोळ्यांच्या उंचीतला फरक साधारण 15 सेंटिमीटर धरावा. 40 सेंटिमीटरवर तो सुमारे 20 अंशांचा होतो: तिनं तेवढं वर पाहायचं, त्यानं तेवढं खाली. तिच्यासमोर 40 सेंटिमीटरवर, 1.63 मीटर उंचीला चिकटपट्टीची खूण असली की नजर भरकटत नाही.

इथे एक गंमत होते. त्याच्याकडे वळल्यावर तिचा चेहरा उन्हाकडे पाठ करतो आणि झाकोळतो. त्याचा मात्र उजळतो. जोडणारा माणूस हौसेनं दोन्ही चेहरे सारखे उजळ करतो आणि चित्र तिथेच फसतं. एकाच उन्हातल्या दोघांवर प्रकाश सारखाच पडेल असं नसतं. सारखा करायचा तो रंगाचा तोल: दोघांनीही एकाच प्रकारचा करडा कागद उन्हात धरून एक फोटो काढावा, तो कागद दोन्ही फोटोंत सारखा राखाडी करावा आणि मग किनाऱ्याचा पिवळेपणा दोघांवर एकदमच चढवावा. बुटांच्या तळाशी, वाळूला टेकतात तिथे, सावली सर्वांत गडद ठेवावी.

हातात फक्त जुने सेल्फी असतील, तर यातलं बरंचसं जमत नाही. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान मागे सरकलेले दिसतात. हा अंतराचा परिणाम असल्यामुळे फोटो लहान केला तरी तो तसाच राहतो. घरातल्या मंद उजेडातले, पण चार पावलांवरून काढलेले फोटो मिळाले, तर उन्हाचा हट्ट सोडून ढगाळ दिवसाची पार्श्वभूमी निवडावी. तिथे उजेड सगळ्या आकाशातून येतो, सावलीला कड नसते आणि पायाखाली हलकीशी काळोखी पुरते.