बक्षीस कोणाच्या खिशातून? पाच आकडी नंबर आणि महागड्या प्रश्नमंजूषांची पार्श्वभूमी

फोनच्या साध्या दरावर जादा आकार लावायचा आणि तो फोन कंपनी व कार्यक्रमवाल्यांनी वाटून घ्यायचा, ही पद्धत भारतात आली ती बाहेरून. अमेरिकेत 1980 मध्येच अध्यक्षीय उमेदवारांच्या वादचर्चेनंतर एका वाहिनीने 900 क्रमांकावर 50 सेंटला एक कॉल या दराने प्रेक्षकांचा कौल घेतला होता. आपल्याकडे ही पद्धत घरोघरी पोहोचली ती मोबाइल आणि रिअॅलिटी शो यांच्याबरोबर, साधारण 2004 नंतर. तेव्हा टीव्हीच्या पडद्याखाली पाच आकडी नंबर सरकत असायचे. त्यावर एसएमएस केला की महिन्याचा एसएमएस पॅक लागू होत नसे, आणि फोन केला तर मिनिटावर आकारणी होई.

कॉलची रचना वेळ खाण्यासाठीच केलेली असे. आधी स्वागत, मग भाषेची निवड, मग नियम, मग एक अगदी सोपा प्रश्न. उत्तर बरोबर आले की अभिनंदन आणि "पुढच्या प्रश्नासाठी लाइनवर राहा". मिनिटाला 6 रुपये दर धरला आणि कॉल 3 मिनिटे 10 सेकंद चालला, तर आकारणी पूर्ण मिनिटांत होत असल्याने चार मिनिटांचे 24 रुपये कापले जात. बक्षिसाच्या सोडतीत नाव गेले की नाही, हे तोवर कळलेलेही नसे. दर लपवलेला नसे, पण पडद्यावर तो वाचता येऊ नये इतक्या बारीक अक्षरांत असे. जाहिरातीत दर द्यावाच लागेल, असे दूरसंचार नियामकाने 2005 मध्ये बजावले होते. अक्षरे बारीकच राहिली.

या सगळ्याची कायदेशीर परीक्षा झाली ती एसएमएसच्या एका प्रकरणात. 2007 मध्ये 'कौन बनेगा करोडपती'च्या तिसऱ्या पर्वात घरबसल्या प्रेक्षकांसाठी वेगळी स्पर्धा होती. प्रत्येक भागात चार पर्यायांचा एक प्रश्न येई, बरोबर उत्तर देणाऱ्यांतून सोडतीने एक विजेता निघे आणि त्याला 2 लाख रुपये मिळत. सहभाग मोफत असल्याचा समज होत होता, प्रत्यक्षात एका एसएमएसला 2 रुपये 40 पैसे पडत. एका ग्राहक संघटनेने तक्रार केली. तक्रारीतले आकडे बोलके होते: सुमारे 5 कोटी 80 लाख संदेश, म्हणजे 13 कोटी 92 लाख रुपये. त्यासमोर 52 भागांची बक्षिसे मिळून 1 कोटी 4 लाख.

ग्राहक कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेची एक व्याख्या अशी आहे की, वस्तू फुकट दिल्याचा आभास निर्माण करायचा आणि तिची किंमत पूर्ण किंवा अंशतः व्यवहारातूनच वसूल करायची. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सप्टेंबर 2008 मध्ये हीच व्याख्या लावली. प्रेक्षकांच्या पैशातूनच प्रेक्षकाला बक्षीस दिले जाते आणि ते सांगितले जात नाही, असे म्हणून वाहिनी आणि फोन कंपनीला मिळून 1 कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई ठोठावली.

अकरा वर्षांनी, 2019 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वाढीव दर घेतला गेला, याबद्दल वाद नव्हता. पण बक्षिसाची रक्कम त्याच पैशातून गेली याला नोंदीत पुरावा नाही आणि तो देण्याचा भार तक्रारदारांवर आहे, असे न्यायालयाचे म्हणणे. पुराव्याच्या काटेकोर नियमाने हे बरोबरच. पण कंपन्यांमधला करार आणि जमाखर्च कंपन्यांच्याच कपाटात असतो. तो बाहेरच्या संघटनेने कुठून आणायचा? बक्षीस आणि जादा आकार वेगवेगळ्या खात्यांत ठेवले की तो आभास सिद्ध करणे जवळपास अशक्य, हाच या निकालाचा व्यावहारिक अर्थ निघतो, असे मला वाटते.

दरम्यान धंद्याने चाल बदलली होती. मिनिटाच्या दराऐवजी रोज किंवा आठवड्याला आपोआप पैसे कापणारे 'कॉन्टेस्ट पॅक' आले. हे पॅक बऱ्याचदा एक कळ दाबली की सुरू होत, आणि बॅलन्स कमी झाल्यावरच कळत. म्हणून 2011 आणि 2013 मध्ये नियामकाने दुहेरी संमती सक्तीची केली. एकदा होकार दिला तरी दुसऱ्या वेगळ्या संदेशाने तो पक्का केल्याशिवाय पैसे कापता येत नाहीत. सेवा बंद करण्यासाठी 155223 हा एकच क्रमांकही आला.

2016 नंतर कॉल जवळपास फुकट झाले आणि मिनिटावर कमावणे संपले. आता त्याच कार्यक्रमाचे नाव घेऊन 25 लाखांच्या लॉटरीचे व्हॉट्सअॅप संदेश येतात. त्यातला नंबर साधा असतो, कॉलला काहीच लागत नाही. पैसे मागितले जातात ते 'प्रोसेसिंग फी' आणि 'कर' म्हणून, तेही थेट खात्यात.