दुसरे प्रकरण लिहिण्याआधी : संदर्भांचा तक्ता कसा भरावा

आमच्याकडे नाशिकमध्ये टायपिंग-बाइंडिंगला येणाऱ्या प्रबंधांत दुसरे प्रकरण, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, बहुधा एकाच साच्यातले असते: अमुक यांनी हे सांगितले, तमुक यांनी ते. संदर्भ चाळीस, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. म्हणून आधी एक्सेलमध्ये तक्ता करा. एका ओळीत एक शोधनिबंध आणि पद्धत, नमुना, निष्कर्ष, मर्यादा असे चार रकाने. पाचवा पान क्रमांकाचा ठेवा, मार्गदर्शक "हे कुठे लिहिलंय?" विचारतातच.

समजा विषय आहे, निफाडच्या द्राक्षबागांत ठिबकमुळे पाणी वाचते का. तीन निबंध घेऊ (समजावण्यासाठी आम्हीच रचलेले). 'क' म्हणतो, भरपूर वाचते. 'ख' म्हणतो, थोडे वाचते. 'ग' म्हणतो, वाचतच नाही. एवढ्यावर प्रकरण लिहिले तर "मतभेद आढळतात" यापुढे गाडी जात नाही.

आता पद्धतीचा रकाना वरून खाली वाचा. 'क'ने प्रयोगाच्या प्लॉटवर मीटर लावून एकरी पाणी मोजले. 'ग'ने विहिरीचा वर्षभराचा एकूण उपसा मोजला. वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी बाग लावली असेल, तर एकरी वापर घटूनही उपसा तेवढाच राहतो. म्हणजे दोघेही खरे असू शकतात. फक्त 'क' एकराबद्दल बोलतो, 'ग' विहिरीबद्दल. म्हणून निष्कर्षाच्या रकान्यात "पाणी वाचते" एवढेच लिहू नका. कशाच्या तुलनेत, कोणत्या एककात, तेही लिहा.

नमुन्यात नुसता "१२०" हा आकडा कामाचा नाही. ते १२० जण निवडले कसे? 'ख'ने अनुदान घेतलेल्यांची यादी वापरली असेल, तर स्वखर्चाने ठिबक बसवणारे त्यात आलेच नाहीत.

मर्यादेच्या रकान्यात सगळ्यात जास्त टाळाटाळ होते. "नमुना लहान होता" हे लेखकाचे वाक्य उतरवले की काम झाले, असे वाटते. लेखकाने कबूल केलेली मर्यादा काळ्या अक्षरात आणि तुम्हाला दिसलेली निळ्या अक्षरात लिहा. 'ख'ने शेतकऱ्यांना विचारले, "पूर्वी मोटर किती तास चालायची?" एक तर हे आठवणीवर, शिवाय विहिरीची पातळी खाली गेली की त्याच मोटरने तेवढ्याच तासांत पाणी कमी निघते. तास म्हणजे पाणी नव्हे. ही निळी ओळ तुमच्या प्रकरणाचा खरा परिच्छेद होते.

रकाने सारांशावरून भरू नका; निवड कशी केली ते सारांशात क्वचितच असते. माहिती सापडली नाही तर रकाना कोरा न ठेवता "निबंधात दिलेले नाही" लिहा, नाहीतर महिन्याभराने वाचायचे राहिले की निबंधातच नव्हते, ते कळत नाही. आणि पहिले पाच निबंध भरून झाल्यावरच रकाने पक्के करा. बहुतेकांना तेव्हा एखादा वाढवावा लागतो. वरच्या विषयात "एकक" हा लागेलच.

कोरा तक्ता दुकानात मिळेल, भरलेला ए-थ्री कागदावर आडवा छापून देऊ. ओळी मात्र तुम्हीच भरायच्या.