नो कॉस्ट ईएमआय

फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन अशा वस्तूंची किंमत सारख्या मासिक हप्त्यांत फेडायची आणि वरून व्याज द्यायचे नाही, या योजनेला भारतीय बाजारात ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणतात. पैसे उसने देणारी बँक किंवा वित्तकंपनी यातही व्याज घेतेच. ते व्याज विक्रेता किंवा उत्पादक सवलतीच्या रूपाने भरतो, आणि त्याची भरपाई बहुतेक वेळा रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट तुम्हाला नाकारून होते. ‘शून्य टक्के व्याज’ ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013च्या परिपत्रकात बजावले होते.

समजा, वॉशिंग मशीनची किंमत 30,000 रुपये आहे आणि दुकानदार रोखीने 28,500ला द्यायला तयार आहे. क्रेडिट कार्डावर 5,000चे सहा हप्ते घेतले. बँकेचा दर वार्षिक 15 टक्के असेल, तर ती प्रत्यक्षात सुमारे 28,730 रुपयेच कर्ज म्हणून मांडते. उरलेले 1,270 बिलावर सूट म्हणून दिसतात आणि हप्त्यांतून व्याज म्हणून परत जातात. इथवर हिशेब फिटला. पण कार्डावरच्या व्याजाला 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे आणखी 229 रुपये. तो कोणी माफ करत नाही. प्रक्रिया शुल्क 199 असले तर करासह 235. एकूण 30,464 रुपये गेले, रोखीपेक्षा 1,964 जास्त.

रक्कम किरकोळ वाटते, कारण ती आपण पूर्ण किमतीशी ताडून पाहतो. खरे तर पहिला हप्ता महिन्याभरात जातो, शेवटचा सहाव्या महिन्यात. सरासरीने पैसे साडेतीन महिनेच वापरायला मिळतात. तेवढ्या काळासाठी 28,500वर 1,964 म्हणजे वर्षाला साधारण 23 ते 24 टक्के. जाहिरातीतला शून्याचा आकडा आणि हा आकडा यांतली तफावत ग्राहकापासून दडवणे मला गैर वाटते.

म्हणून हप्त्यांचा विषय काढण्याआधीच “रोख दिले तर शेवटचा भाव काय?” हे विचारावे. रोखीलाही तीच किंमत असेल, तर फक्त शुल्क आणि जीएसटी एवढाच बोजा राहतो. तेवढा देऊन हातातले पैसे राखणे अडचणीच्या महिन्यात शहाणपणाचेही ठरते. दुकानात वित्तकंपनीकडून घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, शुल्कावर मात्र असतो. तिथे एखादा हप्ता आगाऊ घेतला, तर कर्जाची मुदत घटते आणि तेच शुल्क दराच्या हिशेबात जड पडते.

1 ऑक्टोबर 2024पासून किरकोळ कर्जांसाठी सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारे मुख्य तथ्य विवरण द्यावे लागते. क्रेडिट कार्डाची येणी या नियमातून वगळली आहेत. त्यामुळे कार्डधारकाला हा खर्च बहुधा पहिल्या स्टेटमेंटमध्येच कळतो: मुद्दल, व्याज, जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क अशा वेगळ्या ओळींत.