त्रयस्थ माहिती: बँक तुमचं व्याज परस्पर कळवते तेव्हा

त्रयस्थ माहिती म्हणजे ज्याचं उत्पन्न त्याला न विचारता, ज्याने पैसे दिले त्याच्याकडून टॅक्स खात्याने घेतलेली माहिती. बँक व्याज देते, कंपनी पगार आणि डिव्हिडंड देते, आणि हे सगळे वर्षअखेरीला खात्याला कळवतात की अमुक पॅनवर अमुक रुपये गेले. सीए लोक याला नुसतं ‘रिपोर्टिंग’ किंवा ‘एसएफटी’, म्हणजे आर्थिक व्यवहारांचं विवरणपत्र, म्हणतात. याच्या उलट पद्धत म्हणजे स्वतः सांगणं, तुम्ही रिटर्नमध्ये जो आकडा लिहाल तो खातं धरून चालणार आणि शंका आली तरच शोधायला निघणार. या नोंदीत मुख्यतः बँकेच्या व्याजाबद्दल लिहिलंय, कारण दोन पद्धतींतला फरक तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

भारतात याचं मूळ 1961 च्या आयकर कायद्यातलं कलम 285BA (1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झाल्यामुळे कलमांचे नंबर बदललेत, व्यवस्था तीच आहे). बँका, सहकारी बँका, पोस्ट आणि बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्या यांनी आर्थिक वर्ष संपलं की 31 मे पर्यंत प्रत्येक ग्राहकाला किती व्याज दिलं त्याची फाइल खात्याकडे अपलोड करायची असते. ती माहिती पॅननुसार लावली जाते आणि तुमच्या एआयएस नावाच्या वार्षिक माहितीपत्रात येऊन बसते. एआयएस नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झालं. पोर्टलवर लॉगिन करून उघडलं की व्याजाच्या ओळीसमोर `SFT-016` असा कोड दिसतो, बँकेचं नाव दिसतं, रक्कम दिसते. सुरुवातीला यात 5,000 रुपयांची मर्यादा होती, नंतर ती काढली आणि आता जनधन खाती सोडली तर शून्याच्या वरचं कुठलंही व्याज कळवायचं असतं. म्हणजे सेव्हिंग खात्यावर आलेले सदुसष्ट रुपयेसुद्धा.

आता इथे एक गैरसमज आहे जो नागपुरात काय, कुठेही जुलै महिन्यात सीएच्या ऑफिसात बसलात तर दिवसातून चारदा ऐकू येतो: “बँकेनं टीडीएस कापलाच नाही, तर मग टॅक्स कशाचा भरायचा जी?” टीडीएस कापणं आणि माहिती कळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीडीएसला मर्यादा आहे, एप्रिल 2025 पासून एका बँकेकडून वर्षाला 50,000 पर्यंत व्याज असेल तर कापत नाहीत, ज्येष्ठांसाठी ही मर्यादा 1 लाख. सेव्हिंग खात्याच्या व्याजावर तर टीडीएस नसतोच. कळवायला मात्र मर्यादा नाही. त्यामुळे कापलं नाही याचा अर्थ एवढाच की खात्याने आगाऊ पैसे घेतले नाहीत, माहीत नाही असा नव्हे.

हे नीट समजायला लोकांची जुनी युक्ती बघावी लागते. 2015 पर्यंत टीडीएसची मर्यादा शाखेनुसार मोजली जायची, म्हणून माणूस एकाच बँकेच्या महाल शाखेत एक एफडी, सदरच्या शाखेत दुसरी, धरमपेठेत तिसरी अशी पेरणी करायचा आणि प्रत्येक ठिकाणी मर्यादेखाली राहायचा. जून 2015 पासून कोअर बँकिंग असलेल्या बँकेचं सगळ्या शाखांचं व्याज एकत्र मोजायला लागले तशी ती युक्ती संपली. मग लोक वेगवेगळ्या बँकांत पेरायला लागले. टीडीएस चुकवायला हे अजूनही चालतं, पण उत्पन्न लपवायला आता चालत नाही.

एक उदाहरण धरू, माणूस काल्पनिक आहे पण आकडे 2025-26 चे खरे नियम लावून. मानेवाडा रोडला राहणारे एक सर, खाजगी कॉलेजात नोकरी, वय 52, पगार 14 लाख. नव्या रेजिममध्ये 75,000 ची स्टँडर्ड वजावट जाऊन 13 लाख 25 हजार उरले. सरांनी तीन बँकांत 6-6 लाखांच्या एफडी ठेवल्यात, 7 टक्क्यांनी, व्याज दर तिमाहीला खात्यात येतं. प्रत्येक बँकेकडून वर्षाला 42,000, म्हणजे कुठेच टीडीएस नाही. सेव्हिंगचं व्याज 4,000. एकूण 1 लाख 30 हजार. सरांनी रिटर्न भरताना ऑफिसचा फॉर्म 16 घेतला, त्यातला पगार टाकला आणि झालं म्हणाले.

फॉर्म 16 मध्ये एफडी दिसायचं कारणच नाही, कारण तो कॉलेजने दिलाय आणि कॉलेजला एफडीचं काही माहीत नाही. पण एआयएस उघडलं तर तिन्ही बँका ओळीने उभ्या, 42,000, 42,000, 42,000, आणि खाली सेव्हिंगचे 4,000. सरांचं उत्पन्न 12 ते 16 लाखांच्या टप्प्यात आहे, तिथे दर 15 टक्के, म्हणजे 1,30,000 वर 19,500 आणि 4 टक्के सेस धरून 20,280 रुपये टॅक्स राहिला. ही तफावत शोधायला कुणा अधिकाऱ्याला सरांच्या घरी जावं लागत नाही, फाइल उघडावी लागत नाही, कॉम्प्युटर एका पॅनवरचे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करतो आणि एसएमएस जातो. फेब्रुवारी 2024 मध्ये खात्याने नेमकी व्याज आणि डिव्हिडंडच्या तफावतीवरच अशी मोहीम चालवली होती. वेळेत सुधारित रिटर्न भरलं तर टॅक्स आणि त्यावरचं व्याज देऊन सुटका होते, पण दुर्लक्ष केलं आणि खात्याने पकडलं तर उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड टॅक्सच्या 50 टक्के, आणि चुकीचं सांगितल्याचं ठरलं तर 200 टक्के.

बँकेला यात खोटं बोलायचं काही कारण नसतं, खरी मेख तिथे आहे. व्याज हा बँकेचा खर्च, तो पूर्ण दाखवला तरच तिचा स्वतःचा टॅक्स कमी होतो, म्हणजे जो आकडा ग्राहकाला लपवायचाय तोच आकडा बँकेला दाखवायचाय. दोघांनी मिळून लपवायचं म्हटलं तर बँकेने ऑडिट झालेली पुस्तकं, सॉफ्टवेअर आणि शेकडो कर्मचारी यांना एका सरांच्या 42,000 साठी गप्प बसवायला हवं. ते होत नाही. स्वतः सांगण्याच्या पद्धतीत मात्र लपवायला एकच माणूस पुरतो, आणि त्याला फक्त एक रकाना रिकामा ठेवायचा असतो.

डेन्मार्कमध्ये हे प्रत्यक्ष तपासून पाहिलं गेलं. 40,000 च्या वर करदात्यांवर प्रयोग झाला, त्यातल्या काहींना चिठ्ठ्या काढल्यासारखं निवडून पूर्ण ऑडिट केलं, निष्कर्ष 2011 मध्ये छापून आले. जे उत्पन्न दुसऱ्या कुणी कळवलेलं होतं त्यातली चोरी जवळपास शून्य निघाली, शंभर रुपयांत रुपयासुद्धा नाही. जे उत्पन्न माणसाने स्वतःच सांगायचं होतं त्यात मात्र शंभरातले सुमारे चाळीस रुपये गायब. लोक तेच, देश तोच. डॅनिश लोक जात्याच इमानदार असतात वगैरे जे आपण ऐकतो ते इथे फारसं टिकत नाही, कारण तोच इमानदार माणूस जिथे दुसरा साक्षीदार नाही तिथे हात मारतोच.

अर्थात बँकेची माहितीही चुकते. सगळ्यात जास्त गोंधळ जॉइंट खात्यात. आईचे पैसे, एफडी दोघींच्या नावावर आणि फॉर्मवर सोयीसाठी मुलीचं नाव पहिलं, की व्याज मुलीच्या एआयएसमध्ये येतं आणि ती बिचारी म्हणते माझा रुपया नाही त्यात. दुसरा गोंधळ पाच वर्षांच्या संचयी एफडीचा, पैसे एकदम शेवटी मिळणार पण बँक जमत जाणारं व्याज दरवर्षी कळवते, आणि ग्राहक दरवर्षी काहीच न दाखवता शेवटच्या वर्षी सगळं एकदम दाखवतो, मग आधीची चार वर्षं तफावत. तिसरा, तेच व्याज टीडीएसच्या ओळीत एकदा आणि एसएफटीच्या ओळीत पुन्हा, ते बघून माणूस घाबरून दुप्पट उत्पन्न दाखवून मोकळा होतो. असं काही दिसलं तर त्या ओळीवर क्लिक करून फीडबॅक देता येतो, यादीतून `Information is not fully correct` किंवा `Information relates to other PAN/Year` असा जो लागू पडेल तो पर्याय निवडायचा, मग ते बँकेकडे पडताळणीला जातं. पण त्याआधी बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट काढून स्वतः बेरीज करा, बऱ्याचदा चूक आपलीच निघते.

आणि ही व्यवस्था कुठे आंधळी असते तेही सांगायला हवं. छिंदवाडा रोडवर राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आहे, देशभरातले आयकर अधिकारी तिथे नागपुरात येऊन शिकून जातात, आणि तिथून काही किलोमीटरवर इतवारीच्या गल्लीत रोखीत जी विक्री होते तिच्याबद्दल कळवणारा तिसरा माणूसच नसतो. ग्राहक पोतंभर माल घेऊन जातो, त्याला बिलाचा काही फायदा नाही, तो कशाला कुणाला सांगेल. विक्री कळली तरी खर्च उरतो. इक्वेडोरमध्ये खात्याने कंपन्यांना तिसऱ्याकडून कळलेल्या विक्रीचे आकडे दाखवून रिटर्न सुधारा म्हटलं, कंपन्यांनी विक्री वाढवून दाखवली आणि त्यासोबत प्रत्येक डॉलरमागे 96 सेंट खर्चही वाढवून दाखवला, तिजोरीत आलं जवळपास काहीच नाही. नोकरदाराच्या व्याजात असं करायला जागा नसते कारण त्याच्यासमोर लावायला खर्चच नसतो, म्हणून रिपोर्टिंग तिथे एवढं चोख बसतं.

व्याजातसुद्धा जे बँकेबाहेर चालतं ते दिसत नाही. भिशीतला फायदा, ओळखीच्या दुकानदाराला महिना दीड टक्क्याने दिलेले दोन लाख, यांची फाइल कुणीच अपलोड करत नाही. ती गोष्ट बदलते त्या दुकानदाराने ते व्याज आपल्या वह्यांत खर्च म्हणून टाकलं तर. त्याची आदल्या वर्षीची उलाढाल 1 कोटीच्या वर असेल आणि तुम्हाला दिलेलं व्याज वर्षाला 10,000 च्या वर गेलं तर त्याला टीडीएस कापावा लागतो, तुमचा पॅन मागावा लागतो. दोन लाखांवर दीड टक्क्याने वर्षाचे 36,000 होतात. तेव्हा एरवी कधी कागद न मागणारा दुकानदार मार्चमध्ये एकदम फोन करून पॅन कार्डाचा फोटो पाठवा म्हणाला, तर त्याच्या सीएने खर्च टाकलाय असं समजायचं आणि पुढच्या एआयएसमध्ये आपली ओळ शोधायची.